टपातला स्लंप

भैय्याजी कडूंच्या साइटवर काँक्रीटचा स्लंप कधी चुकत नसे. मिक्सरगाडी प्लांटवरून येवो, उन्हात येवो की ढगात, लोखंडी कोन उचलला की माल बरोबर पंच्याहत्तर मिलिमीटर खाली बसायचा. फार झालं तर सत्त्याहत्तर. रक्षा थूलला पहिल्या दोन दिवसांत याचं कौतुक वाटलं, तिसऱ्या दिवशी नवल वाटलं आणि चौथ्या दिवशी तिचं डोकं फिरलं.

कारंजा घाडगेच्या पुढे हायवे रुंद होत होता आणि एका नाल्यावर नवा पूल उभा राहत होता. सरकारी खात्याने देखरेखीसाठी नेमलेल्या एजन्सीतर्फे रक्षा तिथे मालाची तपासणी करायला होती. वर्ध्याहून रोज एसटीने यायची, बॅगेत डबा, टेप आणि एक जोडी जाड मोजे. भैय्याजी ठेकेदाराचे सुपरवायझर. पांढरा सदरा, कपाळाला टिळा, आवाज असा की नाल्यापलीकडच्या म्हशी वळून पाहायच्या. माणूस वाईट नव्हता. चहा पाजायचा, म्याडमला सावलीची खुर्ची द्यायचा आणि तपासणीच्या वेळी स्वतः उकिडवा बसून कोन भरायचा.

कोन भरायचा तोही देखणा. फूटभर उंचीचा, खाली रुंद आणि वर निमुळता पत्र्याचा साचा आतून ओला करायचा, सपाट पत्र्यावर ठेवून दोन्ही पायांनी दाबायचा, मग माल चार थरांत भरायचा आणि गोल टोकाच्या सळईने प्रत्येक थराला पंचवीस टोले द्यायचे. वरची बाजू सपाट करायची आणि साचा सरळ, हळू, न हिसकता वर उचलायचा. साच्याचा आधार गेला की आतला माल आपल्या वजनाने खचतो. किती खचला, तो स्लंप. रक्षाने कॉलेजात शिकलेलं सगळं भैय्याजी तंतोतंत करायचे. तक्रार करायला जागाच ठेवायचे नाहीत.

पण गाडीच्या पन्हाळीतून पुलाच्या कडेच्या पंखभिंतीत जो माल पडायचा, तो मात्र पातळ वरणासारखा पळायचा. मजूर खूष. ढकलायला नको, माल हलवून बसवणारा व्हायब्रेटर फार धरायला नको, सळ्यांच्या जाळ्यातून आपोआप खाली उतरतो. रक्षा खाली वाकून पाहायची. खडी तळाला, वर पाण्याचा चकाकता थर.

तिने खात्याचे उपअभियंता मधुकरराव यांना फोन केला. मधुकरराव सभ्य, पण प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारे.

"स्लंप किती येतो?"

"पंच्याहत्तर, साहेब."

"पाहिजे किती?"

"पंच्याहत्तर. पंचवीस खाली, पंचवीस वर चालतो."

"मग तक्रार कशाची? मी डोळ्यांनी पातळ दिसतं म्हणून गाडी परत पाठवू?"

पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद घटते, एवढं दोघांनाही ठाऊक होतं. पण स्लंप ताकद सांगत नाही. तो एवढंच सांगतो की माल किती ओला आहे आणि आधीच्या गाडीसारखाच आहे की कुठे पाणी नाहीतर वाळू बिघडली आहे. ताकद कळायची तर मालाचे ठोकळे पाडून ते अठ्ठावीस दिवसांनी मशीनमध्ये फोडायचे, आणि तोवर भिंत उभी झालेली असते. दारातच चोर ओळखायचा तर हा पत्र्याचा कोनच हाताशी होता, आणि नेमका तोच खोटं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी ती हात धुवायला पाण्याच्या टँकरमागे गेली. तिथे ओल्या पोत्याखाली एक मोठा टप होता. पोतं उचललं, तर आत काँक्रीट. ताजं, गुबगुबीत, लाडवाच्या मिश्रणासारखं एकजीव.

मागून कोणीतरी खुदकन हसलं. घमेली वाहणारी तानाबाई होती. चाळिशीची, पदर कमरेला खोचलेला, तोंडात सुपारी.

"सापडला का व म्याडम? मी म्हणून राह्यली, कवा सापडते कवा सापडते."

"हे काय आहे, तानाबाई?"

"भैय्याजीचा देव हाय थो. गाडी यायच्या दहा मिनिटं अगोदर त्याच्या मोबाइलवर मिसकॉल येते. मिसकॉल आला का थे इथं येऊन माल कालवते. सिमेट, रेती, गिट्टी, समदं मोजून. पाण्याचा मग बी ठरेल हाय. मंग तुमी म्हनता नमुना आना, आन् मी गाडीच्या मांगून जाऊन या टपातलं घमेलं घेऊन येतो."

"म्हणजे आजवर मी टपाचा स्लंप काढला?"

"मंग काय! गाडीचा कोनं काढला?"

रक्षाला राग आला पाहिजे होता. आलाही. पण त्याच्या आधी हसू आलं. चार दिवस ती उन्हात उकिडवी बसून, डोळे बारीक करून, मिलिमीटर मोजत होती, आणि एका माणसाने तिच्यासाठी दरवेळी ताजं, घरगुती, खास काँक्रीट रांधलं होतं. कोणा पाहुण्याची एवढी बडदास्त राहत नसेल.

"तुम्ही आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं का?" तानाबाई म्हणाली. "आन् मले वाटलं, तुमाले मालूम आसन. शिकेल मानसं हा तुमी."

मिसकॉल कोणाचा, हेही तिच्याकडूनच कळलं. गाडीचा ड्रायव्हर ओमप्रकाश. प्लांट पंचवीस किलोमीटरवर, वाटेत कारंज्याचा ढाबा. ढाब्यावर गरम कांदाभजी. ओमप्रकाश भज्यांवर जीव टाकायचा. गाडीचा ढोल फिरत राहायचा, आतला माल उन्हात घट्ट व्हायचा, आणि खाऊन झालं की ओमप्रकाश गाडीच्या टाकीचा कॉक उघडून ढोलात पाणी सोडायचा. माल सैल, रिकामा करायला सोपा, ढोल धुवायला सोपा. मग भैय्याजींना मिसकॉल.

रक्षाने विचार केला. आत्ता आरडाओरडा केला तर? भैय्याजी म्हणतील, तो टप तर खड्डे बुजवायचा. मधुकरराव म्हणतील, पुरावा काय? तानाबाई खरं बोलली तर उद्या तिचं काम जाईल. टपाबद्दल कोणी बोलायचंच असेल, तर ते स्वतः भैय्याजींनी. तेही चार लोकांत, मोठ्याने.

आवाजाची तर काही अडचण नव्हती.

दोन दिवसांनी पुलाच्या स्लॅबचं काँक्रीट होतं. पंखभिंत वेगळी आणि ज्याच्यावरून ट्रक धावणार तो स्लॅब वेगळा, म्हणून मधुकररावांनी स्वतः यायचं कबूल केलं. सकाळी ते जीपमधून उतरले तेव्हा भैय्याजींनी नवा सदरा घातला होता. स्लॅबवर सळ्यांचं जाळं स्वच्छ धुतलेलं, मजूर रांगेत, व्हायब्रेटर दोन. आभाळ निळंशार, कुठे ढगाची बोटभर चिंधी नाही.

मिसकॉल आला. भैय्याजी "येतो साहेब, पाण्याचं पाहून" म्हणत टँकरमागे गेले आणि थोड्या वेळाने हात झटकत, समाधानाने परत आले. मधुकररावांना नकाशा दाखवायच्या निमित्ताने ते पुलाच्या टोकाला घेऊन गेले.

रक्षा टँकरमागे गेली. तानाबाई तिथे पोत्याजवळ उभीच होती, इकडे तिकडे पाहत. रक्षाने टँकरची तोटी उघडली, पाण्याचा मग काठोकाठ भरला आणि टपात ओतला.

"अजून एक?" तानाबाईने डोळे मिचकावून विचारलं.

"नको. फार झालं तर सूप होईल. ढवळा."

तानाबाईने फावड्याने ढवळलं आणि पोतं असं अलगद झाकलं, जसं झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं.

गाडी धुरळा उडवत आली. ओमप्रकाश उतरला. मिशीला बेसनाचा एक कण चिकटलेला. त्याने मधुकररावांना सलाम ठोकला.

"रुका कहीं?" मधुकररावांनी विचारलं.

"नहीं साब. सीधा प्लांट से."

रक्षाची नजर मिशीवर गेली, मग गाडीच्या पाण्याच्या टाकीवर. टाकीच्या बाजूच्या काचनळीत पाणी अर्ध्यावर होतं. प्लांटवरून टाकी भरून निघते.

"चला म्याडम, नमुना घेऊ," भैय्याजी उत्साहाने म्हणाले. "तानाबाई, आन वं गाडीचा माल!"

तानाबाई गाडीच्या मागे गेली आणि घमेलं घेऊन आली. भैय्याजींनी साचा ओला केला, पत्र्यावर मांडला, पायांनी दाबला. मधुकरराव हात मागे बांधून वाकले. रक्षा टेप काढून शेजारी बसली.

पहिलं खोरं साच्यात पडलं आणि 'पचक' असा आवाज झाला.

भैय्याजींचा हात थांबला. त्यांनी घमेल्यात पाहिलं. मग तानाबाईकडे पाहिलं. तानाबाई दूरच्या डोंगराकडे पाहत होती.

"काय झालं?" मधुकररावांनी विचारलं.

"काई नाई, काई नाई." भैय्याजींनी सळई घेतली. पहिल्या टोल्यालाच सळई लोण्यात सुरी जावी तशी खालच्या पत्र्याला जाऊन टणकली. त्यांच्या कपाळावरच्या टिळ्यातून घामाची एक धार निघाली. दुसरा थर. तिसरा. टोले इतके हळू पडू लागले की मधुकररावांनी घड्याळ पाहिलं.

"भैय्याजी, एवढ्या वेळात माल घट्ट होईल ना," रक्षा गोड आवाजात म्हणाली.

चौथा थर भरला. वर पाणी तरंगायला लागलं. भैय्याजींनी साच्याचे कान धरले आणि तसेच बसून राहिले, जणू खालच्या मालाला मनातल्या मनात काही विनवत होते.

"उचला," मधुकरराव म्हणाले.

भैय्याजींनी उचलला. साच्यासारखं काहीही उभं राहिलं नाही. माल क्षणभर थरथरला आणि चारी बाजूंनी पसरला. पोळपाटावर सैल पीठ पडावं तशी पत्र्यावर गोल चकती झाली, तिच्या कडेने राखाडी पाण्याची झालर.

रक्षाने साचा शेजारी ठेवला, त्याच्यावर सळई आडवी टाकली आणि सळईपासून खाली टेप सोडला. "दोनशे वीस. साहेब, शंभरपर्यंतच घेता येतो. हा माल कोसळलाय. गाडी परत."

"परत," मधुकरराव म्हणाले. "लगेच."

ओमप्रकाश ओरडला, "अरे साब, ऐसा कैसे?" आणि त्याच्याहून मोठ्याने, नाल्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, भैय्याजी ओरडले:

"साहेब, हा माल गाडीचा नाई! गाडीचा हात बी नाई लागला याले! हा माह्या टपातला हाय!"

साइटवर सगळं थांबलं. व्हायब्रेटरवाल्याने बटणावरचं बोट काढलं. तानाबाईने पदर तोंडाला लावला.

"टपातला?" मधुकरराव म्हणाले. "कोणत्या टपातला?"

भैय्याजींच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. पण शब्द बाहेर पडले होते, आणि त्यांचा आवाज परत आत ओढता येईल असा नव्हता.

"थो... म्हंजे... टँकरच्या मांगचा. नमुन्याचा. म्हंजे कसं साहेब, गाडीचा माल कवा कसा येते, कवा कसा. म्याडमले उन्हात वारंवार तरास नको म्हणून..."

"म्हणून तुम्ही त्यांच्यासाठी वेगळा माल बनवता."

"चांगला बनवतो साहेब!" भैय्याजी दुखावले. "पंच्याहत्तरचा! एकदा बी चुकला नाई. आजच कसा काय..." त्यांनी पुन्हा तानाबाईकडे पाहिलं.

मधुकररावांनी त्या चकतीला बुटाचं टोक लावून पाहिलं. त्यांना हसू येत होतं की राग, हे मिशीखालून कळत नव्हतं. शेवटी ते रक्षाकडे वळले. "गाडीवर अन्याय नको. आता खऱ्या गाडीचा नमुना घ्या. तुम्ही स्वतः."

रक्षाने ओमप्रकाशला ढोल जोरात फिरवायला लावला. पन्हाळीतून आधीचा थोडा माल बाजूला पडू दिला आणि मग घमेलं धरलं. या वेळी सळई तिच्या हातात होती. साचा उचलला. माल थोडा उभा राहिला आणि मग वरचा अर्धा भाग एका कुशीला घसरून पडला.

"पडला!" तानाबाईच्या तोंडून निघालं.

"हा धरायचा नाही," रक्षा म्हणाली. भैय्याजी चमकले. "एका अंगाने घसरला तर माझ्या हाताचीही चूक असू शकते. पुन्हा नवा नमुना घ्यायचा. पुन्हा घसरला तर मालात धर नाही असं समजायचं."

मधुकररावांनी मान डोलावली. भैय्याजींनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. आपल्याला उताणं पाडणारी ही पोरगी गाडीला मात्र दुसरा मोका देत होती.

दुसऱ्या वेळी घसरायलाही काही उरलं नाही. साचा वर गेला आणि माल सरळ खाली बसला, दोनशेला जाऊन. पाणी आधी पळालं, मग सिमेंट, आणि मधे खडीचा ढीग तेवढा ओलाचिंब राहिला.

"ओमप्रकाश," रक्षा म्हणाली, "भजी कशाची होती?"

"कांदे की," तो म्हणाला, आणि मग जीभ चावली.

मधुकररावांनी टाकीच्या काचनळीवर बोट ठेवलं. "अर्धी टाकी कुठे गेली?"

ओमप्रकाशने आधी चपलांकडे पाहिलं, मग आकाशाकडे, मग भैय्याजींकडे. भैय्याजी साचा धुवत होते. "साब, माल टाइट हो गया था," तो शेवटी पुटपुटला. "थोडा सा पानी..."

"टाइट झाला तर पाणी नाही घालायचं," रक्षा म्हणाली. "उशीर करायचाच नाही. आणि झालाच तर प्लांटवाल्यांना विचारायचं."

गाडी नाकारली. पण ढोलातला माल तासाभरात दगड होणार, म्हणून ओमप्रकाश कासावीस झाला. भैय्याजींनीच तोड काढली. साइट ऑफिससमोर चिखलाची वाट होती. मधुकरराव म्हणाले, पुलाच्या कुठल्याही भागात एक घमेलंही जाता कामा नये, वाटेवर खुशाल ओता. ओमप्रकाशने ढोल उलटा फिरवला आणि वरणासारखा माल चिखलावर पसरला. तानाबाई आणि बाकीच्या बाया फळीने तो सपाट करू लागल्या, काम कमी आणि हसणं जास्त.

पंखभिंतीचं काय, हा प्रश्न उरलाच होता. मधुकररावांनी ठोकळ्यांची वाट न पाहता भिंतीतून गोल तुकडे कापून तपासायला सांगितले, आणि खर्च ठेकेदाराचा. फोनवर ठेकेदार जे बोलला ते भैय्याजींनी कान लांब धरून ऐकलं.

दुपारी ओमप्रकाश दुसरी गाडी घेऊन आला. बातमी प्लांटवर आधीच पोचली होती, म्हणून तिथल्या माणसाने घाबरून वाळूत ओलावा जास्त धरला होता आणि पाणी जरा जास्तच काटकसरीने घातलं होतं. रक्षाने साचा उचलला आणि माल जेमतेम खचला. चाळीस.

भैय्याजींचा चेहरा उजळला. हात टँकरकडे निघाला. "म्याडम, कमी हाय. पाण्याचा मग मारू का एक?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"इचारून राह्यलो फक्त," ते म्हणाले.

"कमी स्लंपलाही तोच नियम," रक्षा म्हणाली. "पन्नासच्या खाली तसाच ओतला तर सळ्यांच्या जाळ्यात पोकळ्या राहतील, पाणी घातलं तर ताकद जाईल. प्लांटने सोबत औषध दिलंय, ते त्यांनी सांगितलं तेवढंच."

प्लांटवाल्याला फोन लागला. त्याने पातळ करणाऱ्या द्रावणाचं प्रमाण सांगितलं, ओमप्रकाशने ते ढोलात टाकलं आणि ढोल जोरात फिरवत ठेवला. पुन्हा नमुना. साचा उचलला तेव्हा भैय्याजी नकळत श्वास रोखून वाकले होते. माल हळूच, सगळीकडून सारखा, आपला आकार न सोडता खाली बसला.

"पंच्याऐंशी," रक्षाने टेप वाचला. "घ्या."

"आहाहा," भैय्याजी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. चांगला बसलेला माल ओळखायला त्यांच्याइतका डोळा साइटवर कोणाला नव्हता. एरवी तो डोळा टपात खर्च होत होता, एवढंच.

संध्याकाळपर्यंत स्लॅब भरत राहिला. मजूर कुरकुरले, कारण आता माल आपोआप पळत नव्हता आणि व्हायब्रेटर नीट धरावा लागत होता. प्रत्येक गाडीचा नमुना भैय्याजींनी स्वतः पन्हाळीतून घेतला, सगळ्यांना दिसेल असं घमेलं उंच धरून. ओमप्रकाशच्या गाड्या आता वेळेवर येत होत्या. भजी त्याने सोडली नव्हती. ढाबेवाला भज्यांची पुडी हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहायचा आणि ओमप्रकाश गाडी जरा हळू करून ती खिडकीतून घ्यायचा. तिसऱ्या खेपेला त्याने एक पुडी रक्षासाठीही आणली.

काम उरकलं, मधुकररावांची जीप गेली. रक्षा एसटीची वाट पाहत, नव्या वाटेच्या कडेला बसून भजी खात होती. भैय्याजी आले आणि शेजारच्या दगडावर टेकले.

"म्याडम, एक गोष्ट इचारू?"

"विचारा."

"तो टप म्या स्वतः कालवला होता. पानी मगानं मोजून. पाण्याचा थेंब इकडचा तिकडे होऊ देला नाई. पंच्याहत्तरचा म्हंजे पंच्याहत्तरचाच माल होता थो." त्यांनी आवाज, त्यांच्या मानाने, खाली आणला. "मंग त्याच्यात पानी कुठून आलं?"

रक्षाने निळ्या, कोरड्या आभाळाकडे पाहिलं.

"पाऊस आला असेल," ती म्हणाली.

"टँकरच्या मांगं?"

"तेवढ्यातच."

घमेली धुता धुता तानाबाईला ठसका लागला. भैय्याजींनी तिच्याकडे पाहिलं, मग रक्षाकडे, मग पुडीतलं उरलेलं एक भजं उचललं आणि तोंडात टाकलं.

"मोठा पाऊस होता," ते चावत म्हणाले. "किती मग पडला?"

"एकच."

"बरं झालं," भैय्याजी म्हणाले. "दोन पडला असता तं मले वाटलं असतं, कोनाले पान्याचा अंदाज नाई."